बीमची डावी बाजू कोणती?

रात्री साडेदहाला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता एका डिझाइन ऑफिसात नोकरी करते.

"सर, सॉफ्टवेअर गंडलंय का हो? साधा बीम टाकलाय, दोन टेकूंवर, वरून सारखा भार. मोमेंट अधिक दाखवतंय, ते बरोबर. पण डाव्या टेकूला शिअर उणे दाखवतंय. तुम्ही तर वर्गात अधिक शिकवलं होतं."

"किती दाखवतंय?"

"उणे साठ. मी हातानं काढलं तर अधिक साठ येतं."

"मग दोन्ही बरोबर आहेत. झोप आता, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तिला जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहितो आहे. स्थापत्य शाखेची मुलं या चिन्हांपायी वर्षानुवर्षं मार्क घालवतात, आणि त्यांचे आईबाप समजतात की पोराचं गणित कच्चं आहे. गणित कच्चं नसतं. एकाच कागदावर दोन वेगळ्या घराण्यांचे नियम एकत्र आलेले असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आधी या दोन बलांची ओळख करून घेऊ. ओढ्यावर फळी टाकून तिच्यावरून चाललात तर ती मध्ये झोळते. वरच्या अंगाचं लाकूड दाबलं जातं, खालच्या अंगाचं ताणलं जातं. हे वाकणं घडवून आणणारा जो मरोड, तो बेंडिंग मोमेंट. फळी अशी झोळली तर त्याला सॅगिंग म्हणतात. छज्जासारखी एका टोकाला धरलेली फळी खाली झुकते तेव्हा ताण वरच्या अंगाला येतो, ते हॉगिंग. शिअर समजायला ब्रेडचं पाकीट घ्या. सगळे काप एकमेकांना चिकटलेले आहेत असं समजा आणि पाकीट दोन्ही टोकांना बोटांवर तोला. डावं बोट डावीकडचे काप वर ढकलतं, मधलं वजन त्याच्या शेजारचे काप खाली ओढतं. शेजारच्या दोन कापांची एकमेकांवरून घसरण्याची जी ओढ, ती शिअर फोर्स.

आता चिन्हाचा प्रश्न. सरळ वाटणारी वाट ही, की वर जाणारं बल अधिक आणि खाली जाणारं उणे. ही वाट पहिल्याच पावलाला खचते. बीम कुठंही कल्पनेनं कापा, कापाला दोन बाजू असतात. डावा तुकडा उजव्याला जितक्या जोरानं वर उचलतो, तितक्याच जोरानं उजवा डाव्याला खाली ओढतो. न्यूटनचा तिसरा नियमच आहे तो. म्हणजे एकाच ठिकाणचं, एकच शिअर, डाव्या तुकड्यावर पाहिलं तर उणे आणि उजव्यावर पाहिलं तर अधिक. अशानं हिशेब चालणार नाही. बाण कुणीकडे आहे एवढं सांगून भागत नाही. तो कापाच्या कोणत्या बाजूवर आहे तेही सांगावं लागतं, आणि नियम असा हवा की दोन्ही बाजूंना चिन्ह एकच येईल.

बीमवाल्यांनी हे साधलं ते आकाराकडे बघून. झोळ पडतो आहे का? मग मोमेंट अधिक, कुठल्याही तुकड्याकडे पाहा. डावीकडचा काप उजवीकडच्याच्या मानानं वर सरकू पाहतो आहे का? मग शिअर अधिक. बाणांच्या भाषेत सांगायचं तर बीममधून एक बारीक उभा तुकडा काढला की त्याच्या डाव्या बाजूवर वर जाणारा आणि उजव्या बाजूवर खाली येणारा बाण, ही अधिक शिअरची जोडी. दोन टेकूंवरच्या बीमच्या डाव्या अर्ध्यात नेमकं हेच घडतं. म्हणून वर्गात डाव्या टेकूला अधिक साठ.

इथं एक गंमत सांगायलाच हवी, कारण पुस्तकं ती सांगत नाहीत. समजा तुम्ही दिवाणखान्यात उभे राहून बीम बघता आहात आणि तुमची बायको पलीकडं स्वयंपाकघरात उभी राहून तोच बीम बघते आहे. तुमचा डावा टेकू तिचा उजवा. झोळ दोघांनाही झोळच दिसेल, म्हणून मोमेंटचं चिन्ह दोघांचं सारखं. शिअर मात्र तुमच्याकडं अधिक असेल तिथं तिच्याकडं उणे. बीम तोच, भार तोच. मोमेंटच्या चिन्हाला खालीवरचा आधार आहे, आणि खालीवर गुरुत्वाकर्षण ठरवून देतं. शिअरच्या चिन्हाला डाव्याउजव्याचा आधार आहे, आणि डावंउजवं बघणारा ठरवतो. म्हणूनच मोमेंटचं चिन्ह चुकलं की सळ्या चुकीच्या अंगाला पडतात. शिअरचं नुसतं चिन्ह चुकलं तर रिंगा तितक्याच लागतात, त्याच जाडीच्या. बरेच इंजिनिअर या शेवटच्या गोष्टीमुळं आयुष्यभर निर्धास्त राहतात. पुढं दिसेल की नेहमी राहून चालत नाही.

आता दुसरं घराणं. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२२ च्या सुमाराला पदार्थाच्या पोटातल्या स्ट्रेसची कल्पना मांडली. त्यांच्यासमोर बीम नव्हता, कुठलाही घन पदार्थ होता. त्याच्यात झोळ कसला आणि छज्जा कसला. त्यामुळं या परंपरेतला नियम आकाराकडे बघत नाही, अक्षांकडे बघतो. पदार्थातून साखरेच्या खड्याएवढा चौकोनी कण काढा. x उजवीकडे, y वर. कणाची जी बाजू उजवीकडे तोंड करून आहे ती x ची अधिक बाजू, डावीकडे तोंड केलेली उणे बाजू. तसंच वरची अधिक, खालची उणे. नियम एवढाच: अधिक बाजूवर बाण अधिक दिशेला असेल तर स्ट्रेस अधिक. उणे बाजूवर बाण उणे दिशेला असेल तरीही अधिक. उणे गुणिले उणे, शाळेतलंच.

सरळ ताणाला हा नियम लावून पाहा. कण आडवा ताणला जातो तेव्हा उजवीकडचा बाण उजवीकडे, डावीकडचा डावीकडे. दोन्ही अधिक. म्हणजे ताण अधिक, दाब उणे. इथं कुणाचं भांडण नाही. आता शिअर स्ट्रेसला, ज्याला τxy लिहितात, हाच नियम लावा. उजव्या बाजूवर बाण वर, डाव्या बाजूवर बाण खाली, तेव्हा τxy अधिक.

बीमवाल्यांचा अधिक शिअर आठवा. उजव्या बाजूवर खाली, डाव्या बाजूवर वर.

बरोब्बर उलट.

साऱ्या गोंधळाचं मूळ एवढंच आहे. y वर धरला आणि शिअर फोर्स बीमवाल्यांच्या नियमानं धरला, तर अधिक शिअर फोर्समधून उणे शिअर स्ट्रेस निघतो. विद्यार्थी शिअर फोर्सच्या आकृतीतून अधिक ४० उचलतो, सूत्रात घालतो, अधिक उत्तर येतं, आणि तो ते तसंच कणाच्या चित्रावर अधिक τxy म्हणून काढतो. बाण उलटे पडतात. पुढचं सगळं उलटं होतं आणि आकडे मात्र एकदम बरोबर दिसतात.

फोनवरच्या मुलीचं कोडंही इथंच सुटतं. ईटॅब्ससारखी सॉफ्टवेअर शिअर फोर्सलाही कोशींच्या घराण्याचा नियम लावतात. तिथं बीमच्या लांबीला अक्ष 1, उभ्या दिशेला अक्ष 2. अधिक बाजूवरचा V2 अक्ष 2 च्या दिशेला, म्हणजे वर असेल तर अधिक. दोन टेकूंवरच्या बीमच्या डाव्या अर्ध्यात तो खाली असतो, म्हणून उणे साठ. मोमेंटचं M33 मात्र अक्ष 2 च्या अंगाला, म्हणजे वर, दाब असेल तेव्हा अधिक. म्हणजेच सॅगिंग अधिक, आपल्यासारखंच. एक चिन्ह जुळतं, दुसरं जुळत नाही, आणि माणूस चक्रावतो. वर्गात मोमेंटचा चढ म्हणजे शिअर असं पाठ केलेलं असतं. तिथं तो उणे शिअर होतो:

dM/dx = V (वर्गातला नियम)
dM33/dx = −V2 (पडद्यावरचा नियम)

यातून सुटायची एक जुनी युक्ती आहे. y वरऐवजी खाली धरायचा. तिमोशेन्को यांच्या पुस्तकांत बीमच्या आकृतीत y चा बाण खाली रोखलेला दिसतो आणि मुलांना तो विक्षिप्तपणा वाटतो. विक्षिप्तपणा नाही. y खाली गेला की उजव्या बाजूवर खाली येणारा बाण अधिक दिशेचा होतो, आणि बीमवाल्यांचा अधिक शिअर फोर्स आणि कोशींचा अधिक शिअर स्ट्रेस एक होतात. झोळणाऱ्या बीममध्ये ताण खालच्या अंगाला असतो. Y खाली असल्यानं तिथं y अधिक, मोमेंट अधिक, ताण अधिक. म्हणून सूत्र स्वच्छ होतं:

y खाली: σx = My/I, τxy = VQ/(Ib)
y वर: σx = −My/I, τxy = −VQ/(Ib)

इथं I म्हणजे छेदाचा वाकण्याला विरोध मोजणारा आकडा, b रुंदी, आणि Q म्हणजे आपण बघतो त्या पातळीच्या पलीकडच्या छेदाचं मधल्या रेषेभोवतीचं वजनदार क्षेत्र. Q नेहमी अधिकच घ्यायचं. मुलं पहिल्या सूत्रातलं उणे लक्षात ठेवतात, कारण ते छापलेलं असतं. दुसऱ्यातलं उणे बहुतेक पुस्तकांत छापलेलंच नसतं. तिथं सूत्र फक्त किती ते सांगतं आणि दिशा चित्रावरून घ्या म्हणतं. ही न सांगितलेली बाब मला पुस्तकांचा सगळ्यांत मोठा दोष वाटतो.

युक्ती फुकट मिळत नाही. y खाली धरला की बीम किती लवतो त्याच्या समीकरणात उणे शिरतं: EI y″ = −M. एका दारानं हाकललेलं उणे दुसऱ्या दारानं आत येतं. सगळीकडे अधिकच अधिक असा अक्ष कुणालाही सापडलेला नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना y वर घ्या की खाली, असं सांगतच नाही. कागदाच्या कोपऱ्यात काढा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत बदलू नका, एवढंच सांगतो.

आता एक बीम खरोखर सोडवून बघू. लांबी ६ मीटर, दोन्ही टोकांना साधे टेकू, प्रत्येक मीटरवर २० किलोन्यूटन भार, म्हणजे ढोबळ मानानं दोन टन. काँक्रीटचा छेद ३०० मिमी रुंद, ६०० मिमी उंच. एकूण भार १२० किलोन्यूटन, प्रत्येक टेकूवर ६०. डाव्या टेकूपासून १ मीटरवर कापू. तिथं शिअर ६० वजा २०, म्हणजे ४०. मोमेंट ६० गुणिले १, वजा २० गुणिले अर्धा, म्हणजे ५० किलोन्यूटन-मीटर. पडताळा लगेच घेता येतो. टेकूपाशी शिअर ६०, इथं ४०, सरासरी ५०, एक मीटरभर. त्याचं क्षेत्रफळ ५०, आणि मोमेंटही ५०. चिन्हांसकट जुळलं. वर्गातला नियम पाळला असेल तर हे जुळायलाच हवं, आणि नाही जुळलं तर पुढं जायचं नाही.

या छेदात, मधल्या रेषेच्या १५० मिमी खाली असलेला एक कण घेऊ. आडवा स्ट्रेस १.३९ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो, आणि तो ताण आहे, कारण कण खालच्या अर्ध्यात आहे. शिअर स्ट्रेस ०.२५ येतो. y वर धरला असेल तर τxy = −०.२५. बाण काढा: उजव्या बाजूवर खाली, डाव्या बाजूवर वर. कण गरागरा फिरू नये म्हणून वरच्या आणि खालच्या बाजूवर तेवढीच उलटी जोडी लागते: वरच्या बाजूवर बाण डावीकडे, खालच्या बाजूवर उजवीकडे. आता कणाच्या कोपऱ्यांकडे बघा. खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन बाण येऊन भिडतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातही. म्हणजे कण वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे, तिरपा ओढला जातो आहे.

आडवा ताण आणि हा तिरपा ओढा मिळून सगळ्यांत जास्त ताण १.४३ येतो. त्याची दिशा आडव्या रेषेपासून साधारण १० अंश कललेली, उजवीकडे खाली उतरणारी. भेग ताणाला काटकोनात पडते. म्हणजे इथं पडलीच तर भेग जवळजवळ उभी, पण वरचं टोक किंचित उजवीकडं, बीमच्या मध्याकडं झुकलेलं. आणखी वर, मधल्या रेषेवर गेलो तर आडवा ताण शून्य, शिअर ०.३३, आणि ओढ बरोबर ४५ अंशांत. भेगही ४५ अंशांत, तशीच मध्याकडे झुकलेली. खालून वर येता येता भेग जास्त जास्त आडवी होत जाते.

आता τxy चं उणे विसरून अधिक ०.२५ धरा आणि पुन्हा सोडवा. सगळ्यांत जास्त ताण किती? १.४३. कोन किती? दहा अंश. उत्तरपत्रिका तपासणारा घाईत असेल तर पूर्ण मार्क देईल. फक्त भेग आता टेकूकडं झुकलेली निघते, आणि तशी भेग या बीममध्ये कधीच पडत नाही.

ही गोष्ट तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्लॅबच्या कामावर जाऊन सळ्या बांधणाऱ्या फिटरचा हात बघा. तळाची सळई टेकूजवळ आली की तो तिला तिरपी वर उचलतो, त्याला क्रँक म्हणतात. डाव्या टेकूजवळ ती सळई उजवीकडून खालून येते आणि डावीकडं वर चढते. आपण आत्ता काढलेल्या ओढीच्या रेषेत. फिटरला τxy ठाऊक नसतो, पण त्याची सळई ज्या दिशेला तिरपी आहे त्या दिशेला तुमच्या कणाचा कर्ण ताणला जात नसेल, तर चूक तुमच्या चिन्हात आहे. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी हीच कसोटी देतो आणि अजून ती कुणाला फसवलेली नाही.

इथं मोहर यांच्या वर्तुळाचा एक कोपरा बघून घेऊ. ऑटो मोहर या जर्मन इंजिनिअरनं १८८२ मध्ये स्ट्रेसचे सगळे कोन एका वर्तुळावर मांडायची रीत दिली, आणि तिच्याबरोबर चिन्हांचं तिसरं घराणं वर्गात आलं. तिथं रूढ नियम असा, की बाजूवरचा बाण कणाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवू पाहत असेल तर शिअर अधिक. आपल्या कणाच्या उजव्या बाजूवरचा खाली येणारा बाण काट्यांच्या दिशेनं फिरवतो, म्हणून अधिक. वरच्या बाजूवरचा डावीकडचा बाण उलटा फिरवतो, म्हणून उणे. कोशींच्या नियमात या दोन्ही बाजूंवर चिन्ह एकच होतं, इथं दोन वेगळी. दोन्ही नियम एकाच आकृतीत आणले की वर्तुळ बिनचूक येतं आणि त्यावरून काढलेला कोन उलट्या दिशेला वळतो. वर्तुळावर जाताना कणाच्या चित्रावरचे बाण न्यावेत, τxy चा आकडा नेऊ नये. बाण खोटं बोलत नाहीत.

आकडे बरोबर येतात तर एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. एकच शिअर असेल तोवर खरंच बिघडत नाही. बिघडतं ते दोन शिअर एकत्र आले की. आपल्याच बीमला पुढच्या अंगाला छज्जा जोडा. छज्जा बीमला पुढं पिळतो. या पिळामुळं छेदावर ४ किलोन्यूटन-मीटर मरोड आला असं धरा. आपल्या ३०० बाय ६०० च्या छेदात त्यानं उभ्या बाजूंच्या मधोमध सुमारे ०.३० शिअर स्ट्रेस येतो. पण पुढच्या अंगाला त्याचा बाण एका दिशेनं, मागच्या अंगाला उलट. भाराचा शिअर ०.३३ दोन्ही अंगांना एकाच दिशेचा. म्हणजे एका अंगाला बेरीज ०.६३ आणि दुसऱ्या अंगाला वजाबाकी, जेमतेम ०.०३. आता चिन्ह चुकलं तर बेरीज भलत्या अंगाला जाऊन बसते.

कोणत्या अंगाला हवी? डाव्या अर्ध्यात काप घ्या आणि डावा तुकडा बघा. उरलेला बीम छज्जाच्या वजनानं पुढच्या अंगानं खाली फिरू पाहतो आणि डाव्या तुकड्याचा पुढचा भाग खाली ओढतो. भाराचा शिअरही उजव्या बाजूवर खालीच ओढतो आहे. म्हणून बेरीज छज्जाच्या अंगाला. स्वयंपाकघरातून बघणारीलाही हेच उत्तर येईल, कारण तिच्याकडं दोन्ही चिन्हं एकदमच पालटतात. एक पालटलं आणि एक राहिलं तरच घोटाळा होतो.

आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेनं इथं शहाणपणा केला आहे. तिच्यात पिळाचं रूपांतर जादा शिअरमध्ये करून ते सरळ बेरजेनंच जोडतात, चिन्हाचा प्रश्नच ठेवत नाहीत; Ve = Vu + 1.6 Tu/b. रिंगा दोन्ही अंगांना सारख्याच जातात, त्यामुळं वाईटातलं वाईट धरून डिझाइन होतं. पण हेच शहाणपण भेग वाचताना उपयोगी नाही. मागच्या अंगाला गिलावा धडधाकट आहे म्हणून बीम चांगला, असा अहवाल मी एकदा लिहिला होता. तेव्हा मी नवा होतो. पुढच्या अंगाला, छज्जाच्या बाजूला, भेगा होत्या आणि तिथं शिडी लावायचा मला कंटाळा आला होता. माझ्या कागदावर पिळाचं चिन्ह उलटं होतं, त्यामुळं मागचं अंग बघितलं की पुरे असंच मला वाटत होतं. वरिष्ठांनी शिडी लावायला लावली, म्हणून निभावलं.

मोमेंटच्या चिन्हाची चूक याहून महाग पडते, कारण ती थेट सळ्यांवर जाते. दोन्ही टोकांना घट्ट धरलेला तोच ६ मीटरचा बीम घ्या. दोन्ही टोकांना ६० किलोन्यूटन-मीटरचा हॉगिंग मोमेंट येतो, म्हणजे दोन्हीकडं सळ्या वर हव्यात. पण काही सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ स्टॅड, सदस्याच्या टोकांवरचे मोमेंट झोळ बघून नाही तर फिरण्याची दिशा बघून छापतं. काट्यांच्या उलट फिरणारा अधिक. त्या हिशेबानं सुरुवातीच्या टोकाला अधिक ६०, शेवटच्या टोकाला उणे ६०. वर्गातल्या स्लोप-डिफ्लेक्शन पद्धतीत बहुतेक पुस्तकं काट्यांच्या दिशेनं फिरणारा अधिक धरतात, तिथं उणे ६० आणि अधिक ६०. तीन ठिकाणी तीन चिन्हं, बीम एकच. अधिक म्हणजे झोळ, असं पाठ असलेल्यानं हा छापील तक्ता वाचला तर एका टोकाला तो सळ्या तळाला घालेल. म्हणून तक्त्यावरून सळ्या ठरवू नयेत. मोमेंटची आकृती पडद्यावर काढावी, ती कोणत्या अंगाला काढली जाते हे एका साध्या बीमवर आधी तपासून घ्यावं, आणि मगच सळ्यांना हात लावावा. नवं सॉफ्टवेअर हाती आलं की मी पहिला बीम हाच घालतो: ६ मीटर, २० चा भार. डाव्या टेकूला काय चिन्ह येतं, मध्ये काय येतं, ते कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवतो. पाच मिनिटांचं काम आहे. फोनवरच्या मुलीनंही आता तसा कागद चिकटवला आहे. त्यावर तिनं लिहिलंय, "V2 डावीकडं उणे. घाबरू नये."

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. कणाच्या चित्रासोबत x आणि y चे बाण छापत जा, आणि शिअर कोणत्या नियमानं अधिक धरला आहे ते एका ओळीत सांगा. ती ओळ नसलेल्या प्रश्नात τxy चं चिन्ह उलटं आलं, पण मुलानं स्वतःचे अक्ष काढून बाण बरोबर दाखवले असतील, तर त्याचे मार्क कापू नका.